कायम करा म्हणून केलेली मेल

आमच्या गावात पोरगी कंपनीत जायला लागली की लोक एकच विचारतात, "कायम झाली का?" कासू स्टेशनवर उतरून घरी जाईपर्यंत मला हा प्रश्न निदान दोनदा तरी भेटायचा. मी इंटर्न होते. इंटर्न म्हणजे काय, हे सांगायला गेलं की समोरचा "म्हणजे शिकाऊ" म्हणून मोकळा व्हायचा, आणि माझा पारा चढायचा. शिकाऊ म्हणे! बी.एस्सी. केमिस्ट्री करून, रोह्याच्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये सकाळपासून उभी असते मी, आणि हे ओट्यावर बसून मला शिकाऊ ठरवणार.

पण खरं सांगायचं तर ते चूक नव्हते. माझ्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: इंटर्नशिप सहा महिन्यांची, मुदत संपली की आपोआप संपेल, कंपनी नोकरीची हमी देत नाही. ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. पाचवा महिना संपत आला तशी मी कॅलेंडरवर दिवस मोजायला लागले. ही नोकरी नाही मिळाली तर पुढं काय, याचं उत्तर घरात कुणाकडंच नव्हतं. आई फक्त "होईल" म्हणायची. आईचं "होईल" सगळ्याला लागू पडतं, गॅस सिलिंडरपासून लग्नापर्यंत.

लॅबमध्ये मी ज्यांच्या हाताखाली होते त्यांना सगळे काका म्हणायचे. खाडीकडच्या मिठागरवाल्या घरातले, आता पेणला रामवाडीत राहायचे. कंपनीत सत्तावीस वर्षं झालेली, निवृत्तीला दोन उरलेली. लॅबमधली काचेची भांडीसुद्धा त्यांना ओळखतात असं मला वाटायचं. ते पेणला गाडीत बसायचे, मी कासूला चढायचे, आणि रोह्यापर्यंत त्यांची अखंड बडबड. माझी बरोबरी करू शकेल असं बोलणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

पहिला महिना त्यांनी मला आधीच्या इंटर्नचं काम नुसतं बघायला लावलं. दुसऱ्यात हात धरून शिकवलं. टायट्रेशन म्हणजे ब्युरेटच्या उभ्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, खालचा फ्लास्क हलवत राहायचा, आणि आतलं पाणी फिकट गुलाबी झालं की त्या थेंबाला थांबायचं. एक थेंब जास्त गेला की रंग गडद होतो आणि सगळं पुन्हा. "गुलाबी म्हंजे लाजल्यावानी. भडक झाला तर गेली तुझी मेहनत," असं काका सांगायचे. तिसऱ्या महिन्यापासून ते खुर्चीत बसायला लागले आणि मी उभी राहून सगळं करायला लागले. तयार मालाच्या प्रत्येक बॅचचा नमुना आणायचा, वजन करायचं, टायट्रेशन करायचं, आकडेमोड करून कागद भरायचा. मग कागद त्यांच्यापुढं ठेवायचा. काका पेन काढून म्हणायचे, "बोट ठेव गो, कुठं करू सही?" मी बोट ठेवायचे. ते सही करायचे. चष्मा कायम घरी राहिलेला असायचा.

मला वाटायचं, काकांना कंटाळा आलाय. सत्तावीस वर्षांनी कुणालाही येईल. आणि मला तर बरंच होतं, काम हातात मिळत होतं! मी माझ्या छोट्या डायरीत प्रत्येक बॅचचा नंबर टिपून ठेवायचे. का, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. हौस म्हणा.

कॉलेजातली एक मैत्रीण पनवेलकडं एका कंपनीत लागली होती. तिनं मला फोनवर झाडलं. "गप्प बसलीस तर शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट आणि पेढा देऊन घरी पाठवतील. तोंडी नको बोलू, मेल कर. एचआरला कर, तुझ्या डिपार्टमेंटच्या साहेबांना सीसी ठेव. काय काय काम केलंस ते आकड्यांत लिही. नुसतं मेहनती आहे, प्रामाणिक आहे, हे कुणी वाचत नाही."

आकडे म्हटल्यावर मी डायरी काढली. तीन संध्याकाळी बसून मेल लिहिली. आधी संधी दिल्याबद्दल आभार. मग इंटर्नशिप कोणत्या तारखेला संपते ते. मग मी काय शिकले ते. आणि मग माझ्या मते सगळ्यात भारी वाक्य: या काळात मी एकशे ब्याऐंशी बॅचेसचं विश्लेषण स्वतंत्रपणे, कुणाच्याही मदतीशिवाय केलं आहे. शेवटी विनंती, की मला पूर्णवेळ क्वालिटी केमिस्ट म्हणून घेण्याचा विचार व्हावा, आणि बोलायला बोलावलंत तर मी कधीही हजर आहे. वाचून मला स्वतःचाच अभिमान वाटला. 'कुणाच्याही मदतीशिवाय' हे तर मी मागाहून घातलं होतं, जरा वजन यावं म्हणून. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगीच नाही.

पण पाठवायच्या आधी काकांना दाखवायची, एवढी अक्कल मला होती. ज्यांच्याकडून शिकलो त्यांना न विचारता वर लिहिणं बरं दिसत नाही. सोमवारी गाडीत फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "काका, नीट वाचा आणि काय चुकलं असेल तर सांगा."

काकांनी फोन हातभर लांब धरला. अंगठ्यानं वर सरकवलं, थांबले, परत सरकवलं. मग फोन परत दिला. "चांगलं लिवलंस. पाठव."

"नक्की ना? काही बदलायचं नाही?"

"नाय गो. पाठव बिनधास्त."

नागोठणं सुटल्यावर रेंज आली आणि मी मेल पाठवली. रोह्याला उतरल्यावर मी काकांना चहा पाजला.

मंगळवारी एचआरच्या मॅडमची एक ओळ आली. तुमची विनंती मिळाली, विभागाशी बोलून कळवू. मी ती ओळ आईला दाखवली. आई म्हणाली, "होईल." गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधी आमच्या क्वालिटी विभागाच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी केस नीट केले, एप्रनची बटणं लावली. जिना चढताना मी मनात पेढे वाटत होते.

आत मॅडमही बसल्या होत्या. टेबलावर माझी मेल छापून ठेवली होती आणि एका वाक्याखाली निळी रेघ. शेजारी आमच्या लॅबच्या कागदांची फाइल उघडी. साहेब शांत माणूस, आवाज कधी चढत नाही, आणि म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटते. ते म्हणाले, "तू लिहिलंयस, एकशे ब्याऐंशी बॅचेस तू एकटीनं तपासल्यास. या कागदांवर 'विश्लेषण करणारा' या रकान्यात काकांची सही आहे. प्रत्येक कागदावर. मग खरं काय? तुझी मेल की ह्या सह्या?"

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्याच आठवड्यात सगळ्या इंटर्नना सांगितलेलं असतं: ज्यांची कंपनीनं परीक्षा घेऊन नावं यादीत घातलीत तेच केमिस्ट बॅच तपासतात आणि सही करतात. इंटर्ननं बघायचं, मदत करायची, सरावाचे नमुने करायचे. या कागदांवरूनच मालाचं सर्टिफिकेट बनतं आणि ते गाडीबरोबर गिऱ्हाइकाकडं जातं. दुसऱ्याच्या कामावर आपली सही म्हणजे खोटा कागद. मला हे सगळं पाठ होतं. पण रोज बोट ठेवताना ते कधी आठवलं नाही, आणि मेल लिहिताना तर मी फक्त माझं पाहत होते.

मॅडम म्हणाल्या, "वाक्य चुकून जास्त लिहिलं गेलं असेल तर आज दुसरी मेल करून दुरुस्त कर. काकांच्या देखरेखीखाली मदत केली, एवढंच. मग ही इंटर्नची नेहमीची मेल होईल आणि तिचा नेहमीसारखा विचार होईल." नेहमीसारखा म्हणजे काय, ते मला कळलं. सर्टिफिकेट आणि पेढा. "आणि चुकून लिहिलं नसेल तर तेही सांग. पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. आम्हाला खरं कळलं पाहिजे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मेल खरी म्हटली तर काका गेले, खोटी म्हटली तर मी गेले. मी संध्याकाळपर्यंत वेळ मागितला.

खाली आले ती तणतणतच. काका नेहमीच्या खुर्चीत बसले होते. लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, "काका, सोमवारी तुम्ही माझी मेल वाचलीत ना? मग ते वाक्य तुम्हाला दिसलं नाही? एकशे ब्याऐंशी बॅचेस, कुणाच्या मदतीशिवाय? तुमच्या लक्षात आलं नाही, साहेब काय म्हणतील? का मला तोंडघशी पाडायचं होतं तुम्हाला?"

असं सगळं बोलले मी. वडिलांच्या वयाच्या माणसाला.

काका हातातला रिकामा फ्लास्क पुसत राहिले. मग म्हणाले, "नाय वाचली."

"नाही वाचली म्हणजे? हातात धरून बसला होतात की!"

"दिसतच नाय तर वाचू काय?" ते इतकं हळू बोलले की मला पुढं वाकावं लागलं. "साखरेनं डोळं खाल्लं, पोरी. दोन वर्सं झाली. माणूस दिसतो, दरवाजा दिसतो. अक्षर नाय दिसत. गुलाबी तर नायच दिसत."

मग हळूहळू सगळं निघालं. चष्मा घरी राहत नव्हता, चष्म्याचा उपयोगच राहिला नव्हता. कंपनीच्या वार्षिक तपासणीत भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांनी रांगेत उभं राहून पुढच्या माणसांकडून ऐकून पाठ केला होता. माझ्या आधीच्या इंटर्ननंही, त्याच्या आधीच्यानंही, असंच निभावलं होतं. दोन वर्षं तेवढी काढायची आणि मानानं घरी जायचं, एवढाच त्यांचा हिशेब होता. घरीसुद्धा बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मला रडू आलं, आणि रागही गेला नव्हता. दोन्ही एकदम. म्हटलं, "मग गाडीत मला सांगायचं होतं, वाचून दाखव म्हणून! मी दाखवली असती की!"

"लाज वाटली," काका म्हणाले.

मी तिथंच स्टुलावर बसून दुसरी मेल लिहिली. आधीच्या मेलमध्ये माझ्याकडून अतिशयोक्ती झाली, सर्व विश्लेषण काकांनी केलं, मी फक्त मदतनीस होते, क्षमस्व. चार ओळी. या वेळी फोन त्यांच्या हातात दिला नाही, मोठ्यानं वाचून दाखवली. मी काही फार थोर मनानं हे करत नव्हते, हेही सांगून टाकते. प्रत्येक शब्दाला मला वाटत होतं की काकांनी मला थांबवावं.

आणि त्यांनी थांबवलं. "खोटं नको लिवू. कागदावर खोटं मी लिवलंय, तू कशाला लिवतेस? पुसून टाक ते." उठले, एप्रन काढून खुर्चीच्या पाठीला लावला, आणि कठड्याला धरून एकेक पायरी मोजत जिना चढून साहेबांकडं गेले. मी त्यांच्याबरोबर गेले नाही. मला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही वाटते, आणि ती कमी होत नाही.

पुढचे पंधरा दिवस लॅबमध्ये सुतक असल्यासारखं होतं. प्रत्येक बॅचचा थोडा नमुना कंपनी कपाटात राखून ठेवते. साहेबांनी ते नमुने काढायला लावले आणि दुसऱ्या शिफ्टच्या केमिस्टकडून पुन्हा तपासून घेतले. माझे जुने आकडे एका बाजूला, त्याचे नवे दुसऱ्या बाजूला. मी काही करायचं नव्हतं, नुसतं बघायचं. शेवटी साहेबांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "आकडे जुळतायत." मग मलाच नंबर झाकलेले नमुने देऊन माझी परीक्षा घेतली. त्यात मी पास झाले. तोवर माझे सहा महिने संपले होते, पण मॅडमनी एका महिन्याची मुदत वाढवून दिली.

काकांना काढलं नाही. आधी पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं. तिथं सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती राखायची. मग लेखी समज देऊन त्यांची बदली गेटजवळच्या स्टोअरला केली, उरलेली दोन वर्षं माल उतरवून घेताना उभं राहायला. काकांनी स्वतःचं कपाट स्वतःच रिकामं केलं.

मग एका दुपारी मॅडमनी मला बोलावलं. नवीन माणूस घ्यायचं तर विभागानं मागणीचा फॉर्म भरून वरून मंजुरी आणायची असते. त्या फॉर्मवर दोन चौकोन असतात: नवीन जागा किंवा रिकाम्या झालेल्या जागेवर. मॅडम सही करत होत्या, मला उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. दुसऱ्या चौकोनात खूण होती आणि पुढं काकांचं नाव. "नवीन जागा या वर्षी मंजूरच नव्हती," मॅडम म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. "तुझी मेल आली तेव्हा मी नाहीच म्हणणार होते."

मेडिकल झालं, पत्र मिळालं. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. आईनं गावभर पेढे वाटले. ओट्यावरच्या लोकांनी पेढा खाऊन विचारलं, "मग कायम कधी?"

केमिस्ट म्हणून माझ्या पहिल्याच दिवशी स्टोअरला कच्च्या मालाचे ड्रम आले. आलेल्या मालाचा नमुना घ्यायला लॅबच्या केमिस्टनं स्टोअरमध्ये जायचं असतं. मी मुद्दाम रेंगाळले, बाटल्या दोनदा धुतल्या. पण जावंच लागलं. काका शेडमध्ये ड्रमांच्या रांगेपाशी उभे होते. पावलांवरून ओळखलं त्यांनी. "आलीस? दे, पत्र वाचून दाखव आधी."

मी पत्र बरोबर आणलंय हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या अटीपर्यंत सगळं वाचलं. ते मान हलवत ऐकत होते. संपल्यावर मी म्हटलं, "काका, जागा तुमची आहे. फॉर्मवर तुमचं नाव होतं. मी पाहिलं."

"मंग?" काका म्हणाले. "मोकळी ठेवायची होती का?"

मी हातातल्या बाटलीचं झाकण उगाच फिरवत राहिले. काकांनी माझं मनगट धरून मला पहिल्या ड्रमपाशी नेलं आणि लेबलवर माझा हात ठेवला. "वाच. मोठ्यानं वाच, मला पन कळू दे."

मी मालाचं नाव वाचलं, बॅच नंबर वाचला, तारीख वाचली. नमुना काढला, बाटली बंद केली आणि तिच्यावर लावायची चिठ्ठी भरली. शेवटचा रकाना राहिला, नमुना घेणाऱ्याचा. माझा हात तिथंच थांबला.

"भरलीस?" काकांनी विचारलं.

"सही राहिलीय."

"मंग कर की. काम तू केलंस."